बिलाच्या मागच्या बाजूला छापलेल्या अटी: सही केलेली नसताना त्या खरेदीदाराला लागू होतात का?

बिल उलटं केलं की फिकट शाईत बारीक अक्षरांत दहा-बारा ओळी असतात. मुदतीनंतर २४ टक्के व्याज, तक्रार तीन दिवसांत, वाद मुंबईच्या न्यायालयात. माल घेताना त्या कोणी वाचत नाही. पैशांवरून बिनसलं की विक्रेत्याचा वकील नोटीस पाठवतो आणि तिच्यात त्याच ओळी ठळक अक्षरांत समोर येतात. तेव्हा खरेदीदार म्हणतो, "मी कुठे सही केली होती?"

हा बचाव अर्धाच खरा आहे. करारासाठी सही लागतेच असं आपला कायदा म्हणत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५ प्रमाणे विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो, लेखी होऊ शकतो आणि दोघांच्या वागण्यावरूनही ठरू शकतो. म्हणून सही नाही एवढ्यावर अटी गळून पडत नाहीत. उलट, बिलावर छापल्या एवढ्यानं त्या चिकटतही नाहीत. निकाल बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर फिरतो: सौदा पक्का झाला तेव्हा ही अट मांडलेली होती का, आणि नव्हती तर नंतर खरेदीदार ती मान्य असल्यासारखा वागला का?

एक प्रकरण धरून पायरीपायरीनं बघू. प्रकरण कल्पित आहे, पण इचलकरंजीत सुताचे व्यवहार साधारण असेच होतात. तिथल्या एका यंत्रमागधारकानं ३ जूनला दलालामार्फत काळबादेवीच्या पेढीला फोन लावला. ४० काउंटचं सूत, ५० किलोची ६० पोती, २८० रुपये किलो, उधारी बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. पेढीनं भाव सांगितला, यानं "चालेल, पाठवा" म्हटलं आणि दलालानं हेच चार आकडे व्हॉट्सॲपवर दोघांना टाकले. ६ जूनला ट्रक आला, सोबत बिल: ३,००० किलोचे ८,४०,००० आणि ५ टक्के जीएसटीचे ४२,००० धरून ८,८२,००० रुपये. मागच्या बाजूला वर सांगितलेल्या तीन अटी. गोदामातल्या पोऱ्यानं दुसऱ्या प्रतीवर "माल मिळाला" लिहून सही केली.

पुढे दोन गोष्टी झाल्या. सायझिंग होऊन बीम मागावर चढल्यावर २२ जूनच्या सुमारास २० पोत्यांतलं सूत सारखं तुटायला लागलं; यानं ते पेढीला २४ ला फोनवर आणि २६ ला लेखी कळवलं. आणि पैसे ६ जुलैऐवजी ६ नोव्हेंबरला गेले, तेही खराब सुताचे ४०,००० कापून ८,४२,०००. पेढीनं पूर्ण बिलावर चार महिन्यांचं २४ टक्के व्याज म्हणजे ७०,५६० आणि कापलेले ४०,००० असे १,१०,५६० रुपये मागितले.

पहिली पायरी: सौदा नेमका कधी पक्का झाला ते शोधा

वकिलाकडे जायच्या आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. कोटेशन, फोनची नोंद, व्हॉट्सॲप, पर्चेस ऑर्डर, दलालाची सौदा चिठ्ठी, चलन, बिल, ई-वे बिल. मग एकेक कागद हातात घेऊन विचारा: याच्या आधीच माल, भाव, वजन आणि मुदत ठरली होती का? जिथे उत्तर "हो" येतं, त्याच्या आधीच्या कागदावर सौदा संपलेला असतो.

आपल्या प्रकरणात सौदा ३ जूनला फोनवरच संपला. फोनवर झालेला करार पक्का असतो याबद्दल शंका नको. सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा गाजलेला निकाल आपल्याच खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचा आहे. सरकी पेंडीचा सौदा अहमदाबादहून फोनवर झाला होता. १९६५ साली न्यायालयानं ठरवलं की समोरच्याचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. हा मुद्दा पुढे न्यायक्षेत्राच्या अटीत परत लागेल.

बिल मात्र ६ जूनचं. जीएसटी कायद्यात मालाचं बिल माल निघताना किंवा त्याआधी काढायचं असतं, म्हणून ते स्वाभाविकपणे सौद्यानंतर येतं. त्याचं काम काय पाठवलं आणि किती पैसे झाले हे सांगण्याचं. जीएसटी नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं याची लांबलचक यादी आहे, पण मागच्या अटींचा त्यात उल्लेख नाही. सौदा झाल्यावर विक्रेत्यानं एकट्यानं घातलेली अट म्हणजे फार तर करार बदलण्याचा नवा प्रस्ताव, आणि करार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे करार बदलायला दोघांची संमती लागते.

विक्रेता इथे कलम ८ पुढे करतो: माल ठेवून घेतलात, म्हणजे प्रस्ताव स्वीकारलात. याला उत्तर असं की तो माल ३ जूनच्या सौद्याप्रमाणे आपल्याला मिळायचाच होता. तो उतरवून घेणं म्हणजे जुन्या कराराची पूर्तता. नव्या अटीला होकार नव्हे.

पण हे उत्तर प्रत्येक वेळी चालत नाही. आधी काहीच ठरलेलं नसताना विक्रेत्यानं "नमुना म्हणून ठेवा, जमलं तर वापरा" म्हणत माल आणि बिल एकत्र पाठवलं, तर बिल हाच प्रस्ताव असतो आणि सूत मागावर चढवणं हाच होकार. तसंच तुमच्या पर्चेस ऑर्डरला विक्रेत्यानं वेगळ्या अटींचं "ऑर्डर कन्फर्मेशन" पाठवलं आणि त्यानंतर तुम्ही गप्प राहून माल घेतलात, तर कलम ७ प्रमाणे तुमची ऑर्डर जशीच्या तशी स्वीकारलीच गेली नव्हती. विक्रेत्याचा कागद प्रतिप्रस्ताव ठरतो आणि तुमचं माल घेणं त्याला होकार. कागदाचं नाव बिल आहे की कन्फर्मेशन यापेक्षा तो सौद्याच्या आधीचा की नंतरचा, हे महत्त्वाचं.

दुसरी पायरी: समोरच्या बाजूला काय लिहिलंय आणि सही कशावर आहे

आता बिल उलटसुलट करून बघा. पुढच्या बाजूला "मागील अटी लागू" असं ठळक लिहिलेलं आहे का? नसेल तर अटी लक्षात आणून दिल्या होत्या हे विक्रेत्याला सिद्ध करणं जड जातं. पीडीएफ बिलांत तर अनेकदा मागची बाजू पाठवलेलीच नसते; मेलमधली जोडलेली फाइल उघडून पानं मोजा. मागचं पान तुमच्यापर्यंत आलंच नसेल तर ही सगळी चर्चा तिथेच संपते.

सहीचंही तसंच. पोऱ्याची "माल मिळाला" ही सही मालाची पोच आहे. मात्र सहीच्या वर "वरील व मागील अटी मान्य" असा छापील मजकूर असेल तर प्रकरण बदलतं, कारण सही केलेला कागद वाचला नव्हता ही सबब सहसा ऐकली जात नाही. डीएचएल कुरियरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सही केलेल्या कन्साइनमेंट नोटवरची भरपाईची मर्यादा मान्य केली. म्हणून गोदामात एक सवय लावा. पोच देणाऱ्यानं फक्त "पोती ६० मिळाली, माल तपासलेला नाही" एवढंच लिहायचं आणि खाली सही. ट्रकवाला घाई करतो, पण हे लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

तिसरी पायरी: जुनी बिलं आणि खातेवही काढा

खरेदीदार इथेच हरतात. एका बिलावरची अट लागू होत नसेल, पण तीच अट वर्षानुवर्षं प्रत्येक बिलावर येत असेल आणि तुम्ही एकदाही हरकत घेतली नसेल, तर पुढचा सौदा फोनवर करताना ती तुमच्या डोक्यात होती असं न्यायालय धरू शकतं.

इंग्लंडचे दोन निकाल शेजारी ठेवले की रेषा दिसते. आपल्या न्यायालयांतही त्यांचे दाखले दिले जातात. पहिला १९६८ सालचा, पशुखाद्याचा. सौदा तोंडी व्हायचा आणि नंतर विक्रेत्याची चिठ्ठी यायची. मागे अट, की न दिसणाऱ्या दोषांची जबाबदारी खरेदीदाराची. महिन्याला तीन-चार अशा तीन वर्षांत शंभरावर चिठ्ठ्या आल्या होत्या आणि हरकत एकदाही नव्हती. अट लागू झाली. दुसरा १९७२ चा, गॅरेजमध्ये जळालेल्या गाडीचा. गिऱ्हाईक पाच वर्षांत तीन-चार वेळाच आलं होतं. तेवढ्यावर अट लागू होणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

आपल्या यंत्रमागधारकाच्या फायलीत दोन वर्षांची चौदा बिलं निघाली. आकडा मधला आहे, त्यावरून एकट्यानं काही ठरत नाही. मग खातेवही उघडली आणि दोन नोंदी सापडल्या. गेल्या वर्षी एका बिलाचे पैसे उशिरा गेले होते तेव्हा पेढीनं २४ टक्क्यांची व्याजाची डेबिट नोट पाठवली होती आणि यानं ती मुकाट्यानं भरली होती. दुसरी नोंद उलट दिशेची: एकदा माल आल्यावर पंधराव्या दिवशी यानं खराब कोनांची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्यांची, तक्रार केली होती आणि पेढीनं तीन दिवसांची अट न काढता क्रेडिट नोट दिली होती.

या दोन नोंदी चौदा बिलांपेक्षा जास्त बोलतात. व्याजाची अट दोघांनी वापरून मान्य केली आहे. तीन दिवसांची अट पेढीनंच मोडली आहे. एक मोकळं टोक मात्र राहतं. व्याज भरताना मागच्या अटी वाचल्या म्हणजे बाकीच्याही कळल्या होत्या, असं पेढीचा वकील म्हणू शकतो, आणि तो मुद्दा फुटकळ नाही. त्याला तोडीस तोड पुरावा म्हणजे ती क्रेडिट नोट. वर्षअखेरीला येणारं खातं जुळवणीचं पत्रही तपासा. त्यात व्याज धरलेली बाकी असेल आणि तुम्ही "बरोबर" म्हणून शिक्का मारला असेल, तर बिलाच्या मागच्या बाजूची गरजच उरत नाही.

चौथी पायरी: प्रत्येक अट वेगळी तपासा

व्याज. अट लागू होत नसली तरी उशीर फुकट जात नाही. मालविक्री अधिनियमाच्या कलम ६१ प्रमाणे, उलट काही ठरलेलं नसेल तर न्यायालय योग्य वाटेल त्या दरानं व्याज देऊ शकतं. म्हणजे भांडण व्याज द्यायचं की नाही यावर नसून दरावर असतं. आपल्या प्रकरणात ४०,००० ची वजावट बरोबर धरली तर मुद्दल ८,४२,०००. चार महिन्यांचं २४ टक्क्यांनं ६७,३६० होतं, आणि न्यायालयानं समजा ९ टक्के धरले तर २५,२६०. एवढ्या फरकासाठी किती तारखा घालायच्या हे ज्यानं त्यानं ठरवावं. गेल्या वर्षीची भरलेली डेबिट नोट बघता मी या माणसाला व्याजावर तडजोड करायला सांगेन.

विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर छापील दराचं महत्त्वच कमी होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, बिलावर काहीही छापलेलं असो. मात्र काळबादेवीची पेढी सूत तयार करत नाही, विकते. २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या आदेशानं घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता दिला आहे, म्हणून तिला हा आधार मिळत नाही. तेच सूत छोट्या सूतगिरणीकडून थेट घेतलं असतं तर हिशोब वेगळा झाला असता. नोटीस आली की आधी समोरच्याची उद्यम नोंदणी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा.

तक्रारीची मुदत. कायद्यानं मिळणारे हक्क, म्हणजे माल सांगितलेल्या दर्जाचा असणं वगैरे, कराराने काढून घेता येतात. कलम ६२ (मालविक्री अधिनियमाचं) तसं म्हणतं. पण त्यासाठी स्पष्ट करार, आधीच्या व्यवहारांची रीत किंवा व्यापारातली रूढी लागते. विक्रेत्याची नुसती छपाई पुरत नाही. अट बाजूला पडली की कलम ४२ उरतं: वाजवी वेळात कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. सुताची ताकद कोन हातात घेऊन कळत नाही, सायझिंग होऊन माग चालू झाल्यावरच कळते, म्हणून २२ जूनला दिसलेला दोष २४ ला फोनवर आणि २६ ला लेखी कळवणं वाजवी वेळेत बसावं. सूत वापरलं गेल्यानं ते परत मात्र करता येत नाही; कलम ५९ प्रमाणे किमतीतून नुकसान वजा मागता येतं. २० पोती म्हणजे १,००० किलो, किलोमागे ४० रुपये घट, असे हे ४०,०००. हा आकडा टिकायचा असेल तर न वापरलेले चार-सहा कोन लेबलसकट बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. सगळं विणून संपल्यावर केलेल्या तक्रारीला विचारणारं कोणी नसतं.

न्यायक्षेत्र. "मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन" या ओळीची लोक उगाच धास्ती घेतात. जिथे मुळात अधिकारच नाही अशा न्यायालयाला दोघांनी मिळूनही अधिकार देता येत नाही. दोन-तीन न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतलं एक निवडता येतं, एवढंच. १९८९ च्या एबीसी लॅमिनार्ट प्रकरणात जरीच्या धाग्याचा सौदा होता, विक्रेता गुजरातचा आणि खरेदीदार सेलमचा. ऑर्डर कन्फर्मेशनवर "खेडा न्यायक्षेत्राच्या अधीन" छापलेलं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयानं सेलमचा दावा चालू दिला. "फक्त" किंवा "केवळ" असा शब्द नव्हता हे त्यातलं एक कारण. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेसच्या निकालानंतर मात्र "फक्त" नाही एवढ्यावर विसंबू नका. हेतू स्पष्ट दिसत असेल तर तो शब्द नसतानाही अट चालते. आपल्या प्रकरणात हा वाद फारसा उपयोगाचा नाही, कारण यंत्रमागधारकाचा होकार पेढीनं मुंबईत ऐकला. करारच मुंबईत झाला, म्हणून अट असो-नसो, तिथल्या न्यायालयाला अधिकार आहेच.

लवादाची अट बिलामागे असेल तर ती सही नाही म्हणून सोडून देऊ नका. लवाद कायद्याच्या कलम ७ ला लेखी करार लागतो, पण सही हा त्याचा एकच मार्ग नाही. पत्रव्यवहारातूनही तो सिद्ध होतो. बिलावरच्या अशा अटींवर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. लवादाची नोटीस आली की पहिल्याच उत्तरात "असा करार झालेला नाही" हे लिहून टाका. लवादापुढे मुकाट्यानं कैफियत दाखल केल्यावर हा मुद्दा हातातून जातो.

घरगुती गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी आहे आणि बरीच सोपी. मद्रास उच्च न्यायालयानं लिली व्हाइट या लॉन्ड्रीच्या प्रकरणात, साडी हरवली तर निम्मीच किंमत देऊ ही पावतीवरची अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली (ए.आय.आर. १९६६ मद्रास १३). "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचाही धाक बाळगू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारही आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, बिलावर कुठलंही शहर छापलेलं असलं तरी.

पाचवी पायरी: हरकत लेखी द्या, आणि लगेच

वाद व्हायच्या आधीची हरकत वादानंतरच्या दहा पत्रांपेक्षा भारी. बिल आल्यावर दोन-तीन दिवसांत मेल किंवा व्हॉट्सॲपवर एवढं पुरे:

"सप्रेम नमस्कार शेठ. आपलं ६ जूनचं बिल मिळालं. माल, भाव, वजन आणि ३० दिवसांची उधारी दलालांच्या ३ जूनच्या मेसेजप्रमाणे बरोबर आहे. बिलाच्या मागे छापलेल्या व्याज, तक्रारीची मुदत व न्यायक्षेत्राच्या अटी आपल्यात ठरलेल्या नाहीत आणि आम्हाला मान्य नाहीत. या व पुढच्या सर्व बिलांसाठी हीच आमची भूमिका समजावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर प्रत्येक बिलाला नवा मेसेज लिहावा लागेल. आणि असं लिहून झाल्यावर पुढच्या महिन्यात व्याजाची डेबिट नोट आली तर ती "संबंध बिघडायला नकोत" म्हणून भरू नका. भरायचीच असेल तर "या वेळेपुरतं, अट मान्य न करता" असं लिहून भरा. नाहीतर तिसऱ्या पायरीत यंत्रमागधारकाचं झालं तेच होतं.

ज्यांची खरेदी मोठी आहे त्यांनी पर्चेस ऑर्डरवर एक ओळ छापून घ्यावी: "हा सौदा फक्त या ऑर्डरमधल्या अटींवर, विक्रेत्याच्या बिलावरील वा चलनावरील छापील अटी लागू नाहीत." ऑर्डर माल निघण्याआधी पोचल्याचा पुरावा ठेवा, म्हणजे मेल किंवा व्हॉट्सॲपची पोच.

आणि तुम्ही विक्रेते असाल तर याच गोष्टी उलट्या करा. अटी कोटेशनमध्ये आणा, होकार येण्याआधी. नवीन गिऱ्हाइकाला उधारी उघडून देताना एका पानाचा अर्ज भरून घ्या: व्याजाचा दर, तक्रारीची मुदत आणि न्यायालय, तिन्ही मोठ्या अक्षरांत, मराठीत, आणि खाली मालकाची किंवा भागीदाराची सही. मुनीमजींची नको. दलालाला सांगा की सौद्याच्या मेसेजमध्ये चार आकड्यांनंतर "उशिरा पैसे दिल्यास १८ टक्के व्याज" ही पाचवी ओळ टाकायची. ती ओळ बघून समोरचा "ओके" म्हणाला की बिलाच्या मागच्या बाजूला काय छापलंय याला फारसा अर्थ राहत नाही. दर मात्र झेपेल असा ठेवा. तो वसुलीऐवजी दंडासारखा दिसला तर करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली न्यायालय त्याला कात्री लावू शकतं.